आत्याला विचारलं होतं का?

दिवाळी अंकांच्या संपादकांची पत्रं आम्हा वऱ्हाडातल्या लेखकांकडे येतात ती ऐन उन्हाळ्यात. अमरावतीचं ऊन पंचेचाळीसच्या घरात गेलेलं असतं, कूलरमध्ये पाणी टाकायची पाळी कुणाची यावरून घरात कुरबूर चाललेली असते, आणि पत्रात लिहिलेलं असतं : यंदा आठवणींवर काही द्या, घरगुती, जिव्हाळ्याचं. कादंबरीचं प्रकरण चालणार नाही, असंही कधीकधी सौम्य शब्दांत सुचवलेलं असतं.

कादंबरी लिहिताना मला ही भीती वाटत नाही. तिथे आत्याचं नाक, शेजारणीची चाल आणि तिसऱ्याच कुणाची भाषा एकत्र करून एक बाई उभी करता येते, आणि कुणी विचारलंच तर 'हे सगळं काल्पनिक आहे' असं म्हणून मोकळं होता येतं. आठवणींच्या लेखात ती सोय नाही. तिथे 'माझी आत्या' असं लिहिलं की ती एकच बाई असते, अकोल्याच्या जठारपेठेत राहते, आणि रविवारी तिच्याही घरी पेपर येतो.

यावर पुष्कळांचं एक ठरलेलं उत्तर असतं : 'नाव बदला की!' मला हे उत्तर कधी पटलेलं नाही. नाव बदलल्यानं कुणापासून लपता येतं? नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या वाचकापासून. पण त्या वाचकाला माझी आत्या मुळातच ठाऊक नसते, त्याच्याकडून तिला काडीचाही त्रास होणार नसतो. ज्यांच्यासमोर तिला उद्या हळदीकुंकवाला जायचं आहे, ज्यांच्या घरात तिची मुलगी दिली आहे, ते लोक 'सुमती'चं 'कुमुद' केल्यानं फसत नाहीत. ते दुसऱ्या ओळीलाच ओळखतात, तिसऱ्या ओळीला फोन लावतात. नाव बदलल्यानं सुटका होते ती लेखकाची.

मी उमेदीची सगळी वर्षं बँकेत काढली, आणि या प्रश्नाकडे पाहायला मला साहित्यापेक्षा बँकेचीच मदत जास्त झाली. नोकरीत रुजू होताना एका छापील कागदावर सही घेतात. निष्ठा आणि गोपनीयता यांचं ते प्रतिज्ञापत्र असतं. सही करताना ते कुणी वाचत नाही. पुढे बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करताना मात्र एक इंग्लंडमधला खटला वाचावाच लागतो. १९२४ सालचा, टूर्निए नावाच्या खातेदाराचा. या गृहस्थाच्या खात्यावर ९ पौंड, ८ शिलिंग आणि ६ पेन्स एवढी जादा उचल झाली होती. दर आठवड्याला एक पौंड भरायचं त्यानं कबूल केलं, आणि पुढे भरणा थांबला. त्याच्या घरचा पत्ता विचारायला म्हणून शाखेच्या मॅनेजरनं त्याच्या मालकाला फोन केला, आणि बोलता बोलता सांगून टाकलं की याचं खातं थकलेलं आहे आणि हा सट्टा खेळत असावा असा आम्हाला संशय आहे. मालकानं टूर्निएची नोकरी पुढे चालू ठेवली नाही.

मॅनेजर खोटं बोलला, असा मुद्दा इथे महत्त्वाचा नाही. दुसऱ्या एका खातेदारानं टूर्निएला दिलेला चेक फिरत फिरत एका बुकीच्या खात्यात जमा झाल्याचं बँकेला दिसलं होतं, त्यावरून हा संशय आलेला. म्हणजे ही माहिती टूर्निएनं विश्वासानं सांगितलेलीही नव्हती. ती बँकेला आपसूक कळली होती. तरीसुद्धा बहुसंख्य न्यायाधीशांनी म्हटलं की बँकर या नात्यानं जे कळलं, ते सगळं गोपनीयतेच्या पोटात येतं, मग ते खातेदाराकडून कळो की आणखी कुठून. खातं बंद झालं तरी हे बंधन संपत नाही. कायद्याची सक्ती असेल, सार्वजनिक हिताचं कर्तव्य असेल, बँकेच्या स्वतःच्या हिताला गरज असेल किंवा खातेदाराची संमती असेल, तरच तोंड उघडायचं.

आता बँकरच्या जागी भाचा ठेवून पाहा. आत्यानं मला जवळ बसवून काही सांगितलं असेल तर ते गुपित आहे, हे कुणालाही कळतं. पण आठ वर्षांचा असताना मी दाराच्या फटीतून जे पाहिलं, झोपेचं सोंग घेऊन जे ऐकलं, ते? ते मला कुणी सांगितलेलं नाही. ते मला कळलं, कारण मी त्या घरातला होतो. परका माणूस आला की जी बाई पदर सावरून उठायची, ती माझ्यासमोर तशीच बसून राहायची. आठवणींच्या लेखांचं सगळं भांडवल हेच असतं, आणि ते लेखकाच्या एकट्याच्या नावावर नसतं.

काही वर्षांपूर्वी मी आत्यावर एक लेख लिहायला घेतला. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर अकोल्याला गेली आणि सहासात वर्षांनी एक ट्रंक आणि लहान मुलगी घेऊन अमरावतीला आमच्या घरी परत आली, ती कायमची. पुढे शिवणयंत्रावर पोलकी शिवून तिनं मुलीला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न केलं. आता मुलीकडे अकोल्याला असते. लेख मी मनापासून लिहिला होता, त्यात तिच्याबद्दल आदरच होता. कच्चा मजकूर घेऊन बडनेऱ्याहून पॅसेंजरनं अकोल्याला गेलो.

तिला मी 'तुझ्यावर लिहू का?' असं विचारलं नाही. कारण या प्रश्नाचं आपल्या घरांमधलं उत्तर मला माहीत आहे. 'लिही नं बाप्पा, तुले काय नाही म्हनाचं!' हे उत्तर संमतीचं नसतं, मायेचं असतं. बँकेत कर्जाला जामीनदार येतो, तसा हा प्रकार आहे. त्याला दर्यापूरची एसटी गाठायची असते, साहेबानं पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवलेल्या असतात, तो फुलीफुलीवर सह्या करून निघून जातो. दोन वर्षांनी वसुलीची नोटीस गेली की तो शाखेत येऊन म्हणतो, 'मी तं फक्त सही केली होती.' आणि तो खरं बोलत असतो. विषयाला दिलेली संमती अशीच कोऱ्या कागदावरची असते. लेख म्हणजे विषय नव्हे, लेख म्हणजे त्यातली वाक्यं, आणि ती ऐकल्याशिवाय कुणी हो किंवा नाही म्हणूच शकत नाही.

म्हणून मी सगळा मजकूर वाचून दाखवला. दुपारी, घरात तिसरं कुणी नसताना. हेही मुद्दाम. मुलगी-जावई बसलेले असले की म्हाताऱ्या माणसाला घरच्यांना बरं वाटेल असंच बोलावं लागतं.

मला वाटलं होतं, नवऱ्यानं टाकल्याच्या उल्लेखाशी ती अडेल. तिथे मी शब्दही जपून वापरले होते. त्या ओळी वाचताना मी थबकलो, तर तीच म्हणाली, 'टाकलं तं टाकलं. ते साऱ्या अकोल्याले ठाऊक हाये. राहू दे ते.' ती अडली ती पुढच्या पानावर. तिथे मी लिहिलं होतं की घरातली सगळी माणसं जेवून उठल्यावर ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एकटी जेवायला बसायची, आणि पातेल्याची खरवड काढल्याचा आवाज मला बाहेर ऐकू यायचा. लेखातलं हे मला सगळ्यात चांगलं जमलेलं चित्र वाटत होतं.

'हे काहून लिवलं?' ती म्हणाली. 'वहिनीनं मले कधी उपाशी नाही ठेवलं.'

वहिनी म्हणजे माझी आई. मी म्हटलं, मी तसं म्हटलेलंच नाही. 'म्हटलं नाही, पन वाचनाऱ्याले तसंच वाटन. मीच मागून बसो. सर्वाइच्या संगं जेवाले मले लाज वाटे. वहिनी तं हाताले धरून ओढे.'

खरवडीचा आवाज खरा होता. तो मी आजही ऐकू शकतो. पण त्या आवाजाचा अर्थ तिच्याजवळ होता, माझ्याजवळ नव्हता, आणि त्या अर्थाशिवाय तो छापला असता तर आरोपी ठरली असती माझी आई, जी तेव्हा जाऊन बारा वर्षं झाली होती. ज्या बाईवर लेख होता, तिला स्वतःच्या हालांचं वर्णन चालत होतं. तिला चालत नव्हतं ते तिच्या निमित्तानं दुसऱ्या बाईला लागणारं बोट. घरच्या माणसांना नेमकं काय दुखेल याचा आपला अंदाज सहसा चुकतो, असं मी पुढेही अनेकदा पाहिलं. एका काकांना स्वतःचं कर्जबाजारीपण छापलेलं चाललं, पण त्यांच्या बैलाला मरतुकडा म्हटलेलं चाललं नाही.

तिसरी जागा एका वाक्याची होती. ते ऐकून आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'हे माहं नाही, पोरीचं हाये. तिले इचार.' संध्याकाळी मुलगी घरी आल्यावर तिला वेगळं विचारलं. ती 'नको' म्हणाली, कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते वाक्य गेलं. ते काय होतं हे मी इथेही लिहिणार नाही, नाहीतर तेव्हा काढून टाकण्यात अर्थ काय उरला? इथे जे सांगितलं तेवढं मायलेकींना पुन्हा वाचून दाखवलेलं आहे.

खरवडीचा परिच्छेद मी ठेवला, पण त्याच्या शेजारी आत्याचं म्हणणं तिच्या शब्दांत घातलं. लेख अठराशे शब्दांचा होता, तो बाराशेवर आला. संपादकांनी कळवलं की थोडा रोडावल्यासारखा वाटतो. वाटणारच.

आता दुसरी बाजू. हा नियम सगळ्यांवर सरसकट लावायचा म्हटलं, तर मराठीतली निम्मी आत्मचरित्रं छापलीच गेली नसती. १९८४ ते १९९० या थोड्या वर्षांत आपल्याकडे बायकांनी लिहिलेल्या आत्मकथनांची एक रांगच लागली. मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय', माधवी देसाई यांचं 'नाच गं घुमा', आणि १९९० साली सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी'. या तिघींचेही नवरे पुस्तक छापलं तेव्हा हयात होते, आणि तिघेही वाचकांच्या प्रेमातले किंवा दबदब्याचे लेखक होते. 'आहे मनोहर तरी' आलं तेव्हा आमच्या शाखेतसुद्धा जेवणाच्या सुट्टीत दोन तट पडले होते. महाराष्ट्राला पोट धरून हसवणाऱ्या माणसाचं घरातलं रूप त्याच्या बायकोनं असं मांडावं का, यावर डबे थंड व्हायचे. जे नाराज होते, ते पु. लं.च्या वतीनं नाराज होते. सुनीताबाईंच्या वतीनं त्यांना त्याआधी कधी काही वाटलेलं नव्हतं.

याहून बोलकं उदाहरण फलटणच्या बेबी कांबळे यांचं. त्या छोटंसं दुकान चालवत, माल बांधायला आलेले रद्दीचे कागद वाचत, आणि दुकानातच बसून लिहीत. जवळपास वीस वर्षं त्यांनी आपलं लिखाण घरच्या पुरुषांपासून लपवून ठेवलं. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं आलं १९८६ साली. त्यांनी जर लिहिण्याआधी घरात परवानगी मागितली असती, तर ते पुस्तक पहिल्याच पानाला संपलं असतं. पण या पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे त्यात नसलेली गोष्ट. स्वतःच्या नवऱ्याच्या मारझोडीबद्दल त्यांनी त्यात लिहिलं नाही. ते त्या पुढे बोलल्या, २००८ साली इंग्रजी अनुवादासोबत छापलेल्या मुलाखतीत. पुस्तकात मला माझ्या समाजाचं दुःख सांगायचं होतं, अशी त्यांची भूमिका होती. बाईनं नवऱ्यापासून वह्या लपवल्या, आणि वह्यांमध्ये नवऱ्याला लपवलं. या दोन्ही गोष्टी एकाच बाईनं केल्या, हे मला फार विचार करायला लावतं.

मग आत्याला विचारायला जाणारा मी बरोबर, तर न विचारता लिहिणाऱ्या या बायका चूक? तसं मुळीच नाही. फरक आहे तो लेखणी कोणत्या दिशेनं चालली आहे याचा. ज्याच्या हातात घराची सत्ता होती, ज्याला समाज आधीच ओळखतो, ज्याचं म्हणणं छापायला दहा संपादक तयार आहेत, त्याच्याबद्दल त्याच्या सावलीतल्या माणसानं लिहिणं वेगळं. आणि पेन्शन खाणाऱ्या, नावामागे चार पुस्तकं लागलेल्या भाच्यानं शिवणकाम करणाऱ्या आत्याबद्दल लिहिणं वेगळं. माझ्या लेखाला उत्तर द्यायचं ठरवलं तर आत्या ते कुठे देणार होती? ज्यानं जुलूम केला त्याचीच परवानगी मागायची, तर तो सावकारालाच पंच नेमण्यासारखा प्रकार होईल. तरीही बेबीताईंच्या त्या मौनावरून मला वाटतं की परवानगी मागायची नाही असं ठरलं, म्हणजे सगळंच सांगायची मुभा मिळाली असं होत नाही. आपल्याला जे सांगायचं आहे त्याला हा तपशील लागतो का, हा प्रश्न तिथेही शिल्लक राहतो.

कायदा काय म्हणतो, हे मी नोकरीच्या सवयीनं पाहून ठेवलं आहे. ऑटो शंकर या मद्रासच्या फाशीच्या कैद्याचं आत्मचरित्र छापू देऊ नये म्हणून तिथले अधिकारी धडपडत होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९४ साली निकाल लागला. छापण्याआधीच बंदी घालता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. पण त्याच निकालात असंही म्हटलं की माणसाला आपलं कुटुंब, लग्न, संतती, शिक्षण यांच्याबद्दल खासगीपणा राखण्याचा हक्क आहे, आणि त्याच्या संमतीशिवाय याविषयी कुणी काही प्रसिद्ध करू नये, मग ते खरं असो की खोटं, स्तुती असो की निंदा. सरकारी दप्तरात आधीच नोंदलेल्या गोष्टी आणि स्वतःहून वादात उतरलेली माणसं यांचा अपवाद. 'खरं असो की खोटं' हे शब्द आठवणी लिहिणाऱ्यांनी नीट वाचावेत. 'पण मी खरंच तर लिहिलंय!' हा आपला हुकमी बचाव तिथे लागू पडत नाही. अर्थात भाच्यावर फिर्याद करायला आत्या कोर्टाची पायरी चढत नाही, ती नुसती दिवाळीला बोलवायची बंद करते.

राहिली गेलेली माणसं. बदनामीचा कायदा, म्हणजे पूर्वीचं दंडविधानाचं ४९९ कलम आणि जुलै २०२४ पासून न्यायसंहितेचं ३५६, मृतांनाही काही प्रमाणात संरक्षण देतो. पण ते मृताच्या नावाला बट्टा लावून जवळच्या नातलगांना दुखवण्याचा हेतू असेल तेव्हा. म्हणजे कायद्याला काळजी मागे उरलेल्यांची. आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, टिळकांचे स्नेही आणि नामांकित वकील, रोज इंग्रजीत डायरी लिहीत. डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ ते सहकुटुंब शिर्डीला होते. त्या दिवसांच्या नोंदी पुढे प्रसिद्ध झाल्या, आणि साईभक्त आजही त्या वाचतात. त्या नोंदींत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आहेत, घरचे लोक आहेत, कुणाचं दुखणं, कुणाची काळजी आहे. दादासाहेबांनी ते छापण्यासाठी लिहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांना बोल लावता येत नाही. पण त्या डायरीतल्या लक्ष्मीबाईंना कुणी कधी विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

माझ्या आईच्या बाबतीत मला हाच पेच पडला आहे. तिच्यावरचा एक मोठा लेख दोन वर्षं तयार आहे. त्यात आजोळच्या वाटणीचं एक प्रकरण आहे, जे तिनं आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही. मला ते तिच्या ट्रंकेतल्या कागदांवरून कळलं. बँकेत खातेदार गेल्यावर नॉमिनी येतो आणि समजतो की पैसे आपले झाले. त्याला समजावून सांगावं लागतं की बाबा रे, नॉमिनी नुसता स्वीकारणारा, मालकी वारसांची. ट्रंकेची किल्ली माझ्याकडे आली, तेव्हा मी नॉमिनी झालो. वारस आम्ही चौघं आहोत.

थोरल्या भावानं लेख ऐकला आणि 'छाप' म्हणाला. मधल्या बहिणीनं दोन दुरुस्त्या सांगितल्या, त्या मी केल्या. धाकटी मूर्तिजापूरला असते. आईच्या शेवटच्या वर्षांत तीच आईजवळ होती. तिला वाचून दाखवायला गेलो, तर तिनं पाचव्या पानावर मला थांबवलं आणि कागद मागून घेतले. 'माह्याजवळ राहू दे थोडे दिवस,' म्हणाली. त्याला आता आठ महिने झाले. यंदाच्या दिवाळीसाठी मी संपादकांना दुसऱ्या विषयावरचा लेख पाठवला आहे.